रक्त चढवण्याआधीचं ९.५ : थॅलेसेमियाच्या वेळापत्रकामागचा इतिहास

थॅलेसेमिया मेजर हा तांबड्या पेशी नीट न बनण्याचा जन्मजात आजार, त्यात आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. त्याच्या रुग्णाच्या फाइलमध्ये दर भेटीला एक आकडा लिहिला जातो. तो म्हणजे रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन. आज ते दर डेसिलिटरला ९.५ ते १०.५ ग्रॅमच्या दरम्यान असावं असं मानतात. हा आकडा ठरायला जवळपास सत्तर वर्षं लागली आणि रुग्णाचं पुढचं सगळं आयुष्य त्याच्याभोवती आखलं जातं.

डेट्रॉइटच्या थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. त्यानंतर कित्येक वर्षं मूल धापा टाकायला लागलं, हिमोग्लोबिन चार-पाचवर आलं, की मगच रक्त देत. त्याने जीव वाचे, पण हाडांच्या आतली, रक्त बनवणारी अस्थिमज्जा शांत होत नसे. निकामी तांबड्या पेशी तयार करण्याच्या खटाटोपात मज्जा फुगत राही. त्यातून कपाळ आणि गालांची हाडं पुढे येत, लांब हाडं पातळ होऊन मोडत, प्लीहा वाढे आणि उंची खुंटे. फिलाडेल्फियाच्या आयर्विंग वोल्मन यांनी १९६४ मध्ये वेगवेगळ्या पातळीवर हिमोग्लोबिन राखलेल्या मुलांची तुलना मांडली. ज्यांचं हिमोग्लोबिन सतत वर ठेवलं होतं, त्यांची वाढ चांगली होती, हाडं आणि हृदयही बऱ्या अवस्थेत होतं. तिथून ‘गरज पडली की रक्त’ ही पद्धत मागे पडली आणि ठरलेल्या तारखेला रक्त देणं सुरू झालं.

मग प्रश्न आला तो किती वर ठेवायचं याचा. साठच्या दशकाच्या अखेरीस दहाच्या खाली जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. १९८०च्या सुमारास काहींनी ही मर्यादा बाराच्या आसपास नेली. मज्जा पूर्ण शांत झाली की एकूण रक्ताचं आकारमान घटेल आणि जास्त रक्त लागणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता. तो टिकला नाही, कारण रक्त जास्त लागलं आणि लोहही वाढलं. १९९७ मध्ये इटलीतल्या पाविया इथल्या गटाने उलट दिशेने पाहिलं. रक्त देण्याआधीची पातळी साधारण अकरावरून साडेनऊपर्यंत खाली आणली. मज्जा आटोक्यात राहिली आणि लागणारं रक्त सुमारे पाव भागाने कमी झालं. आजचा आकडा मुख्यतः या कामावर उभा आहे. साडेनऊच्या बरंच खाली गेलं तर हाडं बिघडतात आणि फार वर ठेवलं तर लोह साचतं, म्हणून ही अरुंद पट्टी.

हे वहीवर मांडून पाहू. ४० किलो वजनाच्या मुलीचं हिमोग्लोबिन ९.५ आहे आणि ते १३.५ पर्यंत न्यायचं आहे. शरीरात किलोमागे साधारण ७० मिली रक्त असतं आणि एक ग्रॅम हिमोग्लोबिन म्हणजे सुमारे ३ टक्के हिमॅटोक्रिट, म्हणजेच रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा. म्हणजे एका ग्रॅमसाठी किलोमागे २.१ मिली शुद्ध तांबड्या पेशी हव्यात. पिशवीचं हिमॅटोक्रिट ६० टक्के असेल तर तेच ३.५ मिली होतात. चार ग्रॅम आणि ४० किलोचे झाले ५६० मिली. हे रक्त चार आठवडे पुरलं, तर हिमोग्लोबिन आठवड्याला एक ग्रॅमने उतरतंय, आणि ते ठीक आहे.

आता लोह. शुद्ध पेशींच्या एका मिलीत १.०८ मिलिग्रॅम लोह असतं. ५६० मिली पिशवीत पेशी ३३६ मिली, म्हणजे प्रत्येक वेळी सुमारे ३६० मिलिग्रॅम लोह आत जातं. वर्षाला तेरा वेळा रक्त चढतं, तेव्हा साडेचार ग्रॅमच्या वर लोह साचतं, दिवसाला जवळपास १३ मिलिग्रॅम. शरीर स्वतःहून दिवसाला टाकतं फक्त एक मिलिग्रॅमच्या आसपास. उरलेलं यकृतात, मग संप्रेरकांच्या ग्रंथींत आणि हृदयात बसतं. म्हणूनच नियमित रक्त मिळू लागल्यावर मुलं बालपण ओलांडू लागली, पण पुढे हृदय निकामी होऊन जात.

लोह शरीराबाहेर काढणारं डेस्फेरिऑक्झामिन साठच्या दशकात आलं, पण ते रक्तात काही मिनिटंच टिकतं. त्यामुळे एका इंजेक्शनने फारसं लोह निघत नसे. १९७६-७७ च्या सुमारास पंप वापरून ते त्वचेखाली हळूहळू, रात्रभर, आठ ते बारा तास देता येतं हे दाखवलं गेलं आणि मग फरक पडला. आठवड्यात पाच-सहा रात्री सुई टोचून झोपायचं, हे किशोरवयात टिकवणं मात्र सर्वांत कठीण. गोळीच्या रूपातलं डेफेरिप्रोन नव्वदच्या दशकात भारतात परवाना मिळून आलं, युरोपच्याही आधी. त्याने पांढऱ्या पेशी अचानक कोसळू शकतात, म्हणून त्यांची वारंवार मोजणी हवी, आणि ताप आला की गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं. दिवसातून एकदा घ्यायचं डेफेरासिरॉक्स २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. त्यात मूत्रपिंड आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं फेरिटिन एकट्याने फसवतं, कारण साध्या संसर्गानेही ते वाढतं आणि यकृतात लोह कमी असतानाही हृदयात भरलेलं असू शकतं. २००१ मध्ये लंडनमधून आलेल्या टी-टू-स्टार एमआरआयने हृदयातलं लोह थेट कळू लागलं. त्यातलं माप २० मिलिसेकंदांच्या खाली गेलं तर लोह साचलंय, १० च्या खाली गेलं तर धोका मोठा.

या हिशेबाला सगळ्यात आधी धक्का बसतो तो अँटिबॉडीमुळे. दात्याच्या पेशींवर रुग्णाच्या पेशींवर नसलेले अँटिजेन, म्हणजे ओळखीच्या खुणा, असतात आणि रुग्णाचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. रक्तगटाचे ए, बी आणि डी जुळवूनही सी, ई, केल यांसारखे राहून जातात. समजा, त्याच मुलीला दर चार आठवड्यांनी पुरणारं रक्त या वेळी दहाव्या दिवशीच संपत आलं. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, कंबर दुखू लागली. पेशींवर अँटिबॉडी चिकटली आहे का हे पाहणारी कूम्ब्स चाचणी पॉझिटिव्ह आली आणि ती कोणती हे शोधणाऱ्या पॅनेलवर अँटी-ई निघाली. क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त आधी एकत्र तपासणारी चाचणी, जुळलेली असूनही हे घडू शकतं. जुनी अँटिबॉडी काही महिन्यांत चाचणीत न दिसण्याइतकी कमी होते आणि तो अँटिजेन पुन्हा आला की काही दिवसांत उसळते. म्हणून एकदा सापडलेली अँटिबॉडी कायमची समजायची. तिची नोंद असलेलं कार्ड रुग्णाजवळ असावं, रक्तपेढी बदलली तर आधी तेच दाखवावं आणि यापुढे ई-निगेटिव्ह रक्तच द्यावं. असं रक्त भारतात मिळतं, कारण बहुसंख्य दाते ई-निगेटिव्ह असतात. पण दोन-तीन अँटिबॉडी एकत्र आल्या तर शोध कठीण होतो. आणि चार आठवड्यांचं अंतर दोनवर आलं तर वर्षाचं लोहही दुप्पट होतं. अँटिबॉडीचा त्रास शेवटी हृदयातल्या लोहाच्या रूपाने समोर येतो, हे नियोजनात फार वेळा निसटतं.

त्यामुळे पहिल्या पिशवीच्या आधी केलेलं काम सर्वांत मोलाचं. हिमोग्लोबिन दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा ७ च्या खाली आलं, संसर्गासारखं तात्पुरतं कारण नसलं, की नियमित रक्त सुरू करायचं. त्याआधी मुलाचे सी, ई, केल यांसह अँटिजेन तपासून घ्यायचे. नंतर दात्याच्या पेशी मिसळल्या की साधी चाचणी भरवशाची राहत नाही, जनुकीय तपासणी करावी लागते. सुरुवातीपासून सी, ई आणि केल जुळवलेलं, पांढऱ्या पेशी गाळलेलं, शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं रक्त द्यावं. दहा ते वीस वेळा रक्त झालं किंवा फेरिटिन १००० च्या वर गेलं की लोह काढायला सुरुवात करायची.

पुढे दरवर्षी तीच बेरीज. वर्षभरात किलोमागे किती मिली शुद्ध पेशी लागल्या? वरच्या उदाहरणात सुमारे १०९. हा आकडा २०० च्या पुढे सरकू लागला तर अँटिबॉडी शोधायची, प्लीहेचा आकार पाहायचा, पिशव्यांचं वय आणि हिमॅटोक्रिट तपासायचं. वजन वाढलं की पिशवीचं आकारमान आणि औषधाचा डोस दोन्ही नव्याने काढायचे. गर्भधारणेचा बेत ठरला की काही महिने आधी हृदयाचं लोह उतरवून घ्यावं लागतं, कारण गर्भारपणात गोळ्या बंद ठेवाव्या लागतात आणि रक्त मात्र जास्त लागतं.