मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

बीपी निघालं की सांगितलं जातं, "मीठ कमी करा." कमी म्हणजे किती, हे मात्र सहसा सांगायचं राहून जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. एवढ्या मिठाने चहाचा एक सपाट चमचाही नीट भरत नाही. त्यात साधारण २ ग्रॅम सोडियम असतं. हे सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं, त्यामुळे रक्तवाहिन्यांतलं रक्त वाढतं आणि दाबही वाढतो.

आपण किती खातो, हे पुड्यावरून कळतं. लातूरकडचं पाच माणसांचं घर घ्या. पुडा फोडला त्या दिवशीच त्यावर पेनाने तारीख टाकायची. एक किलोचा पुडा २० दिवसांत संपला, तर रोज ५० ग्रॅम, म्हणजे माणशी १० ग्रॅम मीठ लागलं. मर्यादेच्या दुप्पट! तोच पुडा ४० दिवसांहून जास्त पुरायला हवा. विकतचे पापड, फरसाण, लोणचं यांतलं मीठ या हिशेबात आलेलंच नाही, ते वेगळं.

ज्वारीच्या भाकरीत मीठ बहुधा नसतंच, ही आपल्या जेवणाची मोठी जमेची बाजू. मीठ येतं ते तोंडी लावण्यातून. ठेच्यात लसूण आणि लिंबू वाढवून मीठ निम्मं करता येतं. काही आठवड्यांत जिभेला तीच चव लागते. पापडाचं तसं नाही. त्यात मिठाशिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच असतं. भज्यांतल्या खायच्या सोड्याचंही तेच.

मग कुणीतरी सुचवतं, सैंधव खा. पण सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच आहे, त्याने बीपीला काही फरक पडत नाही.

'लो सोडियम' मीठ मात्र खरंच वेगळं. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर ते फायद्याचं, कारण पोटॅशियममुळे लघवीवाटे सोडियम जास्त बाहेर पडतं. पण मधुमेहाने मूत्रपिंडं थकलेली असतील, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी एखादी गोळी चालू असेल, तर पोटॅशियम रक्तात साचू शकतं. एक लिटर रक्तात ते साधारण ३.५ ते ५ मिलीमोल असावं. ६ च्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो, आणि तोवर माणसाला अनेकदा काहीच जाणवत नाही, फार तर हातपाय गळाल्यासारखे वाटतात. म्हणून हे मीठ घरात आणण्याआधी गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवावीत आणि रक्तातलं क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घ्यावं.