क्युबिकचे टर्निंग पॉइंट: डेरिव्हेटिव्हच्या आधीची गोष्ट

क्युबिकचा डेरिव्हेटिव्ह काढा, शून्य ठेवा, आलेल्या क्वाड्रॅटिकची मुळं काढा, टर्निंग पॉइंट मिळाले. आज हे दोन मिनिटांचं काम आहे, पण हा प्रश्न डेरिव्हेटिव्हपेक्षा बराच जुना आहे, आणि गंमत म्हणजे तेव्हा ग्राफच नव्हता त्यामुळे ‘वळण’ कुणाच्या डोक्यातच नव्हतं. प्रश्न सरळ होता: हे समीकरण सुटतं की नाही?

सगळं एकाच उदाहरणावर बघू. `6x^2 - x^3 = c`. c दिलेला आहे, x शोधायचा. डावी बाजू म्हणजे `x^2(6 - x)`, म्हणजे ६ लांबीची रेघ दोन तुकड्यांत कापायची आणि एका तुकड्याच्या वर्गाला दुसऱ्याने गुणायचं. हे उत्तर हवं तेवढं मोठं येईल का? नाही. कुठेतरी कमाल किंमत असणार, c तिच्या वर गेला की धन उत्तर नाही. हीच अडचण आर्किमिडीजला गोल ठरावीक प्रमाणात कापताना आली होती, आणि युटोशियसने सहाव्या शतकात आर्किमिडीजच्या ग्रंथावर जे भाष्य लिहिलं त्यात या कमाल मर्यादेची सिद्धता आहे: रेघेचा दोन तृतीयांश भाग घेतला की गुणाकार सगळ्यात मोठा. आपल्या रेघेसाठी तो भाग ४, आणि `16 × 2 = 32`.

मग बाराव्या शतकात शरफ अल-दीन अल-तुसी. त्याच्या आधी ओमर खय्यामने क्युबिक समीकरणं शंकुच्छेद एकमेकांना छेदवून सोडवली होती, पण ते कधी छेदतात आणि कधी नाही हे नीट मोजून सांगितलं ते अल-तुसीने. ज्या प्रकारांत उत्तर असेलच असं नाही तो प्रत्येक प्रकार घेऊन त्याने कमाल किंमत कुठे येते ते सांगितलं आणि c तिच्यापेक्षा लहान, बरोबर की मोठा यावरून दोन, एक किंवा शून्य उत्तरं अशी वाटणी केली. `ax^2 - x^3` साठी ती जागा `2a/3` आणि किंमत `4a^3/27`. a जागी ६ टाकून बघा, ३२ च येतात.

आता `2a/3` त्याला सापडलं कसं? ग्रंथात सिद्धता आहे, म्हणजे ही जागा घेतली तर बाकी सगळ्या किमती लहान येतात हे दाखवलंय, पण तिथपर्यंत पोचला कसा ते लिहिलेलं नाही. गणिताचे इतिहासकार रोशदी राशेद यांच्या मते यामागे डेरिव्हेटिव्हसारखाच विचार आहे, बाकीच्या काही अभ्यासकांना ते पटत नाही, जुन्या भूमितीच्या पद्धतीनेही हे निघतं असं ते म्हणतात. मला दुसरी बाजू जास्त पटते. डेरिव्हेटिव्ह म्हटलं की एकच रीत सगळ्या फंक्शनांना लावता यायला हवी, इथे तर प्रत्येक प्रकाराची सिद्धता वेगळी आहे.

अजून एक, त्याच्यासाठी ३२ ही खरोखरच कमाल किंमत होती, लोकल वगैरे भानगड नाही, कारण ऋण x तो धरतच नव्हता. आपण धरतो. `x = -3` टाका, `54 + 27 = 81` येतात, म्हणजे ३२ सगळ्यात मोठी किंमत नाहीच, फक्त आजूबाजूच्या किमतींपेक्षा मोठी. क्युबिकच्या बाबतीत ‘लोकल’ शब्द गाळून चालत नाही तो यामुळे, एका टोकाला ग्राफ वर अनंताकडे जाणार आणि दुसऱ्या टोकाला खाली.

एकच रीत सगळीकडे लावायची ही गोष्ट १६३० च्या दशकात फर्माच्या पद्धतीत दिसते. x च्या जागी `x + e` टाकायचं, दोन्ही किमती जवळजवळ सारख्या धरायच्या, समान पदं उडवायची, e ने भागायचं आणि मग ज्यात e उरलाय ती पदं सोडून द्यायची. आपल्या उदाहरणात समान पदं गेल्यावर हे उरतं:

```
12xe + 6e^2 - 3x^2e - 3xe^2 - e^3 = 0
```

e ने भागून उरलेले e सोडले की `12x - 3x^2 = 0`, म्हणजे `x = 4` किंवा `x = 0`. हाच आपला डेरिव्हेटिव्ह! आधी e ने भागायचं म्हणजे तो शून्य नाही, आणि लगेच टाकून द्यायचा म्हणजे शून्य आहे, यावर पुढे बरीच वर्षं डोकेफोड झाली.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती योहान हुड्डेची रीत, १६५९ मध्ये छापलेली, जिच्यात e नाहीच. त्याने बघितलं की c बरोबर कमाल किमतीएवढा असतो तेव्हा दोन उत्तरं एकमेकांवर येतात, म्हणजे समीकरणाला दुहेरी मूळ असतं. आणि दुहेरी मूळ ओळखायची युक्ती अशी: पदांना ओळीने 3, 2, 1, 0 ने गुणा, दुहेरी मूळ नव्या समीकरणाचंही मूळ असतंच. `x^3 - 6x^2 + c = 0` घ्या, x चं पद नाहीच, त्यामुळे १ ची पाळी रिकामी जाते, आणि c ला शून्याने गुणल्यावर तो गायब होतो, म्हणजे कमाल किंमत माहीत नसली तरी अडत नाही! उरतं `3x^3 - 12x^2 = 0`, परत `x = 4`. पडताळा हवा असेल तर `x^3 - 6x^2 + 32 = (x - 4)^2(x + 2)`, चार दोनदा आलाय. हे गुणणं म्हणजे खरं तर डेरिव्हेटिव्ह काढून त्याला x ने गुणणं आहे, पण लायब्निझचा कमाल-किमान किमतींवरचा लेख यायला अजून २५ वर्षं होती (१६८४).

त्या लेखात लायब्निझने चढ-उतार डिफरन्शिअलच्या चिन्हावरून आणि वक्राचा बाक दुसऱ्या डिफरन्शिअलवरून ओळखला, म्हणजे नुसतं शून्य कुठे येतं एवढ्यावर थांबायचं नाही. आपल्या `12x - 3x^2` चं चिन्ह बघा: शून्याच्या डावीकडे ऋण, ० ते ४ मध्ये धन, ४ च्या पुढे परत ऋण. म्हणून ० ला लोकल किमान, ४ ला लोकल कमाल.

मोजणीत लोक चुकतात तेही इथेच. `ax^3 + bx^2 + cx + d` चा डेरिव्हेटिव्ह क्वाड्रॅटिक आहे, तेव्हा `b^2 - 3ac` धन असेल तर दोन टर्निंग पॉइंट, ऋण असेल तर एकही नाही, आणि शून्य असेल तर पटकन ‘एक’ असं लिहिलं जातं. ते चूक. `x^3 - 3x^2 + kx` घ्या, इथे `9 - 3k` बघायचं. `k = 0` ला टर्निंग पॉइंट ० आणि २ वर आहेत, k वाढवत नेला की दोन्ही १ कडे सरकतात, `k = 3` ला एकमेकांवर येतात, आणि तिथे डेरिव्हेटिव्ह होतो `3(x - 1)^2`, जो १ च्या दोन्ही बाजूंना धनच आहे. फंक्शन १ पाशी क्षणभर सपाट होतं आणि परत वरच चढतं, वळत नाही. टर्निंग पॉइंट शून्य. क्युबिकला ते दोन असतात किंवा नसतातच, एक कधीच नाही, कारण दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना जातात आणि एकदाच वळलं तर दोन्ही एकाच बाजूला गेली असती.

रोलने १६९० च्या सुमारास हीच माहिती उलट वापरली, टर्निंग पॉइंटवरून मुळं वेगळी करायला, आणि गंमत म्हणजे पुढे हाच गृहस्थ पॅरिसच्या अकादमीत कॅल्क्युलसच्या विरोधात उभा राहिला. आपल्या समीकरणात टर्निंग पॉइंटवरच्या किमती ० आणि ३२, त्यामुळे c या दोघांच्या मध्ये असेल तर वास्तव मुळं तीन: एक ऋण, एक ० ते ४ मध्ये, एक ४ ते ६ मध्ये. अल-तुसीला यातली शेवटची दोनच दिसत होती.