विलीनीकरणाची छाननी : केंद्रीकरण गुणोत्तर आणि हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक

एकाच बाजारात विकणाऱ्या दोन कंपन्या एक होऊ पाहतात, तेव्हा स्पर्धा नियामक आधी एक ढोबळ मोजमाप करतो : बाजार आज किती थोड्या हातांत आहे आणि या विलीनीकरणानंतर तो आणखी किती थोड्या हातांत जाईल. त्यासाठी दोन मापे वापरतात. केंद्रीकरण गुणोत्तर म्हणजे सर्वांत मोठ्या तीन, चार किंवा आठ कंपन्यांच्या बाजारहिश्शांची साधी बेरीज. हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक (पुढे नुसता ‘निर्देशांक’) म्हणजे बाजारातल्या प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करून केलेली बेरीज. एकच कंपनी असेल तर निर्देशांक १०,००० येतो, सारख्या आकाराच्या दहा असतील तर १,०००. आकडेमोड शाळकरी बीजगणिताची आहे. खरी मेख हिस्से कशाने भागून काढायचे, यात आहे.

अमेरिकेच्या न्याय विभागाने १९६८च्या विलीनीकरण मार्गदर्शिकेत पहिले माप धरले होते. पहिल्या चार कंपन्यांकडे ७५ टक्के किंवा अधिक बाजार असेल, तर ४ टक्केवाल्या कंपनीने दुसऱ्या ४ टक्केवाल्या कंपनीला विकत घेण्यालाही विभाग सहसा आव्हान देत असे. १९८२च्या मार्गदर्शिकेत त्याची जागा निर्देशांकाने घेतली. चार कंपन्यांची बेरीज ८० आहे एवढ्यावरून प्रत्येकीकडे २० टक्के आहेत, की एकीकडे ७१ आणि बाकी तिघींकडे ३-३, हे कळत नाही. वर्ग केले की पहिल्या बाजारात या चौघींचे १,६०० गुण होतात आणि दुसऱ्यात ५,०६८.

जुन्या मापाचा दुसरा दोष याहून अडचणीचा आहे आणि तो विलीनीकरणाच्या वेळीच उघडा पडतो. तीन कंपन्यांचे गुणोत्तर घेतले आणि पहिल्या तिघींतल्या दोघी एक झाल्या, की यादीतली एक जागा रिकामी होते आणि चौथी कंपनी वर सरकते. गुणोत्तर वाढते ते नेमके या चौथीच्या हिश्शाइतके, म्हणजे जिचा या व्यवहाराशी काही संबंध नाही तिच्या हिश्शाइतके. चौथी चिमुकली असेल, तर मोठ्यातले मोठे विलीनीकरणही या मापावर जेमतेम दिसते.

एक खटला, आकड्यांसह

एचअँडआर ब्लॉक या अमेरिकी कंपनीने २०१० साली टॅक्सॲक्ट हे सॉफ्टवेअर चालवणारी कंपनी २८.७५ कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. दोघीही लोकांना घरबसल्या स्वतःचे आयकर विवरणपत्र भरता येईल असे सॉफ्टवेअर विकत होत्या. या बाजारात अग्रणी होती टर्बोटॅक्सवाली इन्ट्युइट. न्याय विभागाने २०११ साली दावा लावला आणि वॉशिंग्टनच्या फेडरल जिल्हा न्यायालयाने त्याच वर्षी हा व्यवहार रोखला. निकालातले हिस्से अमेरिकी करखात्याकडच्या विवरणपत्रांच्या संख्येवरून काढले होते : इन्ट्युइट ६२.२ टक्के, एचअँडआर ब्लॉक १५.६, टॅक्सॲक्ट १२.८. उरलेले ९.४ टक्के किरकोळ कंपन्यांत वाटलेले.

वर्ग करत जाऊ. ६२.२चा वर्ग ३,८६८.८४, १५.६चा २४३.३६, १२.८चा १६३.८४. तिघींची बेरीज ४,२७६. न्यायालयाने धरलेला निर्देशांक होता ४,२९१. म्हणजे सगळ्या किरकोळ कंपन्यांचे मिळून अवघे १५ गुण. नवख्या विश्लेषकाची हमखास चूक इथे होते. ‘इतर : ९.४ टक्के’ ही तक्त्यातली ओळ तो एकच कंपनी समजून तिचा वर्ग करतो आणि १५च्या जागी ८८ गुण मिळवतो. ‘इतर’ला कधीही एकगठ्ठा वर्ग करायचा नसतो. तपशील मिळतच नसेल, तर दोन टोके काढून ठेवावीत : शून्याच्या जवळपास आणि जास्तीत जास्त ८८. इथे दोन्ही टोकांनी निष्कर्ष तसूभरही हलत नाही, तेव्हा किरकोळ कंपन्यांची माहिती गोळा करण्यात आठवडे घालवण्याचे कारण नाही.

विलीनीकरणाने होणारी वाढ काढायला तर बाकी बाजार पाहावाच लागत नाही. (अ + ब)² = अ² + ब² + २अब; अ आणि ब यांचे वर्ग आधीच्या बेरजेत आहेतच, म्हणून वाढ फक्त २अब. २ × १५.६ × १२.८ = ३९९.३६, म्हणजे सुमारे ४००. नंतरचा निर्देशांक ४,६९१. त्या वेळी लागू असलेल्या २०१०च्या मार्गदर्शिकेनुसार निर्देशांक २,५००च्या वर जात असेल आणि वाढ २००हून जास्त असेल, तर व्यवहार स्पर्धेला मारक आहे असे गृहीत धरले जात होते. २०२३च्या मार्गदर्शिकेने या रेषा पुन्हा कडक केल्या आहेत : १,८०० आणि १००, शिवाय एकत्रित हिस्सा ३० टक्क्यांच्या वर आणि वाढ १००हून जास्त असेल, तरीही तेच गृहीतक. जुनी प्रकरणे वाचताना त्या वर्षीच्या रेषा लावाव्या लागतात, हे विसरल्याने पुष्कळ गोंधळ होतो.

याच बाजारावर केंद्रीकरण गुणोत्तर लावून पाहा. आधी पहिल्या तिघींचे ९०.६. नंतर पहिल्या दोघींचेच ९०.६ आणि तिसऱ्या जागी किरकोळांतली सर्वांत मोठी. तिघींतली एक प्रतिस्पर्धी नाहीशी झाली, पण गुणोत्तर हलले ते त्या बाहेरच्या कंपनीच्या हिश्शाएवढेच.

छेद कोणता

बचाव पक्षाने आकडेमोडीवर फारसा वाद घातला नाही. त्याने बाजारावर घातला. सॉफ्टवेअर आवडले नाही तर माणूस कागदावर हाताने विवरणपत्र भरेल किंवा करसल्लागाराकडे जाईल, तेव्हा हे सगळे मिळून एकच बाजार धरा, असा त्याचा मुद्दा होता. त्याने किती फरक पडतो ते उदाहरणापुरते पाहू. समजा एकूण विवरणपत्रांपैकी ३० टक्केच अशा सॉफ्टवेअरमधून भरली जातात. मग १५.६चे ४.६८ होतात, १२.८चे ३.८४, आणि वाढ ४००वरून ३६वर येते. छेद मोठा केला की हिस्से प्रमाणात घटतात, पण वाढ त्या प्रमाणाच्या वर्गाने घटते : ०.३चा वर्ग ०.०९, म्हणून ४००चे ३६. वाढ १००च्या खाली असेल तर २०१०च्या मार्गदर्शिकेनुसार सहसा पुढची चौकशीच होत नसे.

मात्र हा हिशेबही अर्धवट आहे. एचअँडआर ब्लॉकची करसल्ला देणारी दुकाने देशभर आहेत. बाजारात करसल्लागार घ्यायचे, तर त्या दुकानांचा धंदाही तिच्या हिश्शात धरला पाहिजे. तो समजा १० टक्के असेल, तर २ × १४.६८ × ३.८४ = ११३, आणि वाढ पुन्हा शंभरीपार. छेद वाढवणाऱ्याने अंशही तपासायचा असतो. बचावाच्या तक्त्यांत हे पाऊल हटकून गळलेले सापडते.

बाजाराची हद्द ठरवण्याची रूढ कसोटी अशी : या सगळ्या वस्तू एकाच मक्तेदाराकडे आहेत अशी कल्पना करा. त्याने भाव थोडा, साधारण ५ टक्के, पण टिकाऊ वाढवला, तर त्याला फायदा होईल की गिऱ्हाईक बाहेर पळाल्याने तोटा? फायदा होत असेल तर बाजार तेवढाच. तोटा होत असेल तर गिऱ्हाईक जिकडे पळते ती वस्तू आत घेऊन पुन्हा विचारा. न्यायालयाने ही कसोटी पाहिली आणि त्याच्या जोडीला कंपन्यांची स्वतःची अंतर्गत कागदपत्रे वाचली. त्यांत भाव आणि वैशिष्ट्ये ठरवताना नजर होती ती एकमेकींवर आणि टर्बोटॅक्सवर. खटला लागण्याआधीचा असा कागद नंतर बनवलेल्या कोणत्याही प्रारूपापेक्षा वजनदार ठरतो, आणि ते योग्यच आहे.

भारतातले उदाहरण सन फार्मा आणि रॅनबॅक्सी यांचे. देशातल्या एकूण औषधविक्रीत दोघींचा मिळून हिस्सा दहा टक्क्यांच्या आतला; त्या छेदावर काहीच काळजीचे दिसले नसते. भारतीय स्पर्धा आयोगाने छेद घेतला तो रेणूच्या, म्हणजे औषधातल्या मूळ द्रव्याच्या, पातळीवर, कारण डॉक्टरने लिहून दिलेल्या एका औषधाऐवजी रुग्ण भलतेच औषध घेत नाही. तिथे काही औषधांत हिस्से एकदम चढले. डिसेंबर २०१४मध्ये आयोगाने सात उत्पादने विकण्याच्या अटीवर मंजुरी दिली. ती पुढे पुण्याच्या एमक्युअरने घेतली. स्पर्धा अधिनियम २००२च्या कलम २०(४)मध्ये विलीन होणाऱ्या कंपन्यांचा बाजारहिस्सा हा विचारात घ्यायचा एक घटक आहे, पण निर्देशांकाची कोणतीही आकडेबद्ध रेषा कायद्यात नाही.

हिस्सा कशात मोजायचा

छेदाचे एकक हा वेगळा सापळा आहे. टॅक्सॲक्टची ख्याती स्वस्त मालाची. फेडरल विवरणपत्र कोणालाही मोफत भरू देण्याची चाल तिने आधी खेळली आणि इतरांना तिच्या मागोमाग यावे लागले. अशा कंपनीचा हिस्सा महसुलात मोजला, तर जिच्यामुळे भाव खाली राहतात तीच तक्त्यात बारीक दिसते. विवरणपत्रांच्या संख्येत मोजल्यावर तिचे खरे आकारमान कळते. सिमेंटसारख्या एकजिनसी मालात विक्रीऐवजी उत्पादनक्षमता धरणे अनेकदा बरे पडते, कारण भाव चढल्यावर कोण किती माल बाजारात आणू शकेल हे क्षमता सांगते.

बाकीच्या चुका साध्या आहेत, पण रोज होतात. एकाच समूहाच्या दोन उपकंपन्यांचे आधी हिस्से मिळवायचे आणि मग वर्ग करायचा. उलट केले तर निर्देशांक खोटा कमी येतो. हिस्से पूर्णांकात बदलून वर्ग करू नयेत : इथे १६ आणि १३ धरले असते, तर वाढ ४००ऐवजी ४१६ झाली असती. आणि कोणी निर्देशांक ०.४३ सांगितला, तर त्याने टक्केवारीऐवजी अपूर्णांकांचे वर्ग केले आहेत, १०,०००ने गुणावे.

निर्देशांकाला न दिसणारे

वाढ ४०० येते ती २० आणि १० टक्क्यांच्या कंपन्या एक झाल्या तरी, आणि ४० व ५ टक्क्यांच्या झाल्या तरी. दोन्हींचे परिणाम सारखे असतील असे मुळीच नाही. दोघींचे गिऱ्हाईक एकमेकींकडे किती जाते, हे त्या आकड्यात कुठेच नसते. विलीनीकरणानंतरही हिस्से जसेच्या तसे राहतील, हेही हिशेबाने गुपचूप धरलेले असते.

म्हणून अमेरिकी न्यायालयात निर्देशांकाने निकाल लागत नाही, फक्त पुराव्याचा भार फिरतो. वरच्या खटल्यात तो भार कंपन्यांवर आला. टॅक्सस्लेयर आणि फ्रीटॅक्सयूएसए या छोट्या कंपन्या वाढून टॅक्सॲक्टची जागा भरून काढतील, असे त्यांनी मांडले. न्यायालयाने दोघींचा आवाका आणि नावलौकिक तपासला. त्या वेळेत आणि पुरेशा प्रमाणात वाढतील हे त्याला पटले नाही. विलीनीकरणातून खर्च वाचेल हा दावाही टिकला नाही, आणि कंपन्यांनी व्यवहार सोडून दिला.