प्रती तीन, फाइल एकच

गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदारांना हिशेबाच्या फायली कुठे ठेवल्या आहेत असे विचारले, तर हल्ली उत्तर येते की त्या ऑनलाइन ड्राइव्हवर आहेत, अध्यक्षांच्या लॅपटॉपवर आहेत आणि लेखापरीक्षकांकडेही आहेत. तीन ठिकाणी प्रत असल्यामुळे एखादा संगणक बिघडला तरी काम अडणार नाही, हा त्यामागचा विश्वास असतो आणि तेवढ्यापुरता तो खराही आहे. खजिनदारांची हार्ड डिस्क जळाली, तर नव्या संगणकावर त्याच खात्यात लॉग-इन केले की सगळ्या फायली पुन्हा उतरतात. परंतु डिस्क जळणे हे फायली गमावण्याच्या अनेक कारणांपैकी केवळ एक कारण आहे. फाइल चुकून डिलीट होणे किंवा ती आतून खराब होणे, या कारणांपुढे त्या तीन प्रती एका प्रतीइतक्याच दुबळ्या असतात, आणि याचे कारण सिंक करणाऱ्या, म्हणजे सगळीकडच्या प्रती आपोआप सारख्या ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मूळ रचनेतच आहे.

ती रचना समजून घेण्यासाठी एक प्रसंग कल्पू. १२ जूनला अध्यक्षांच्या लॅपटॉपची डिस्क भरते. जागा करण्यासाठी ते जुन्या वर्षांच्या हिशेबाचे फोल्डर डिलीट करतात. आपण केवळ आपल्या लॅपटॉपवरची प्रत काढत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. काही सेकंदांतच सिंक प्रोग्रॅमला हा बदल कळतो, आणि आता त्याला एक निर्णय घ्यायचा असतो. सर्व्हरवर फोल्डर आहे आणि लॅपटॉपवर नाही, या स्थितीचे दोन अर्थ संभवतात. एक तर ते फोल्डर सर्व्हरवर नव्याने आले असून अजून उतरवून घ्यायचे आहे, किंवा ते लॅपटॉपवरून काढले गेले असून सर्व्हरवरूनही काढायचे आहे. फक्त दोन ठिकाणच्या याद्या समोर ठेवल्या, तर यांतले खरे कोणते हे ठरवण्याचा कोणताही मार्ग नाही.

म्हणून सिंक प्रोग्रॅम तिसरी यादी बाळगतो. मागच्या वेळी दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या, तेव्हा काय काय होते, याची ती नोंद असते. ड्रॉपबॉक्स या सिंक सेवेच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये आपल्या नव्या सिंक इंजिनाची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा हीच रचना तीन वृक्षांच्या रूपात मांडली होती: सर्व्हरवरची स्थिती, संगणकावरची स्थिती आणि दोघांची शेवटची एकवाक्यता. तिसऱ्या यादीत फोल्डर नसेल, तर ते सर्व्हरवर नवे आले आहे, म्हणून उतरवून घ्यायचे. तिसऱ्या यादीत ते असेल आणि लॅपटॉपवर नसेल, तर वापरकर्त्याने ते काढले आहे, म्हणून सर्व्हरवरूनही काढायचे. आपल्या प्रसंगात दुसरी शक्यता लागू होते आणि सर्व्हरवरचे फोल्डर ट्रॅशमध्ये जाते. इथे प्रोग्रॅमने कोणतीही चूक केलेली नाही, हे नीट लक्षात घ्यावे लागते. डिलीट केलेल्या गोष्टी इतरत्र पोहोचवल्या नाहीत, तर नको म्हणून काढलेली प्रत्येक फाइल दुसऱ्या संगणकावरून पुन्हा पुन्हा परत येत राहील आणि ते सिंक निरुपयोगी ठरेल.

लेखापरीक्षकांच्या कार्यालयातला संगणक त्या दिवशी बंद होता असे समजू. तो २० जूनला सुरू होतो, तेव्हा त्याच्या डिस्कवर फोल्डर आहे, त्याच्या तिसऱ्या यादीतही आहे, पण सर्व्हरवर मात्र नाही. मगाचाच नियम दुसऱ्या बाजूने लागू होतो आणि तिथली प्रतही जाते. बंद असलेला संगणक सुरक्षित नसतो, तो फक्त निरोप मिळायचा राहिलेला असतो. चूक वेळेत लक्षात आली असेल, तर मात्र या विलंबाचा उपयोग करून घेता येतो. तो संगणक सुरू करण्यापूर्वी राउटर बंद करावा किंवा नेटवर्कची केबल काढून ठेवावी, आणि फोल्डर सिंकबाहेरच्या जागी किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी झाल्यावरच इंटरनेट जोडावे.

एवढे तरी निदान उघड्या डोळ्यांना दिसते, कारण फोल्डर जागेवर नसते. फाइल खराब होण्याचा प्रकार अधिक वाईट आहे, कारण फाइल जिथल्या तिथे दिसत राहते. सिंक प्रोग्रॅम फाइलचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याच्या मजकुरावरून गणिताने एक छोटा ठसा काढतो, ज्याला हॅश म्हणतात. ठसा बदलला की तो तुकडा बदलला असे समजून नवा तुकडा सर्व्हरवर पाठवला जातो. मजकूर बदलला आहे, हे हॅश निःसंशय सांगतो. तो बदल सुधारणा आहे की नासाडी, हे मात्र सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. खजिनदारांनी पावतीची रक्कम दुरुस्त केली काय, किंवा रॅन्समवेअरने, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने, संपूर्ण फाइल कुलूपबंद केली काय, सिंकच्या दृष्टीने दोन्ही केवळ नव्या आवृत्त्या असतात. २०१७ मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या हल्ल्यात ते सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलची कुलूपबंद प्रत .WNCRY या वेगळ्या शेपटाने तयार करत असे आणि मूळ फाइल काढून टाकत असे. सिंक फोल्डरमध्ये हे घडले, तर प्रोग्रॅमला त्यात काही नव्या फायली आणि काही डिलीट झालेल्या फायली दिसतात, आणि तो दोन्ही बदल निष्ठेने सगळीकडे पोहोचवतो.

घरगुती पातळीवरचे कारण त्याहून साधे आहे. फाइल सेव्ह होत असताना वीज गेली, तर फाइलचे नाव आणि आकार यांची नोंद डिस्कवर झालेली असते, पण आतला मजकूर उतरलेला नसतो, असे कधी कधी घडते. मग योग्य आकाराची, योग्य नावाची, परंतु आत केवळ शून्ये भरलेली फाइल मागे राहते. वीज आल्यावर सिंक प्रोग्रॅमला फाइलची वेळ बदललेली दिसते, तो नवे ठसे काढतो आणि ती शून्ये तिन्ही ठिकाणी पाठवतो. ही गोष्ट स्वतः तपासून पाहता येते. एक्सेलची .xlsx फाइल ही आतून झिप फाइल असते आणि तिला पासवर्ड लावलेला नसेल तर तिची सुरुवात PK या दोन अक्षरांनी होते. लिनक्स किंवा मॅकवर पहिले चार बाइट पाहण्यासाठी ही आज्ञा पुरते:

```
head -c 4 hisheb.xlsx | xxd
```

धडधाकट फाइलमध्ये कोलननंतर 504b 0304 असे दिसते. तिथे 0000 0000 दिसले, तर सुरुवातीचा मजकूर गेला आहे, मग आकार कितीही बरोबर असो. एक्सेल अशा वेळी फाइल उघडण्यास नकार देते, पण त्यासाठी ती फाइल कुणीतरी उघडावी लागते.

अडचणीचे मर्म इथेच आहे. सिंक सेवांकडे ट्रॅश असतो आणि जुन्या आवृत्त्याही असतात, त्यामुळे वरचे सगळे नुकसान काही काळ भरून काढता येते, आणि ही सोय खरोखर मोलाची आहे. परंतु तिला मुदत असते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी आपोआप कायमची जाते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही साधारण मुदत ३० दिवसांचीच आहे, आणि ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यांतही तेवढीच. पैसे भरून घेतलेल्या व्यावसायिक योजनांमध्ये ती वाढते. आता आपल्या संस्थेचे वेळापत्रक पाहा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. जुन्या वर्षांचा सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीचा, हिशेब बहुधा कुणा सभासदाने प्रश्न विचारला तरच, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस, उघडला जाणार. फोल्डर १२ जूनला गेले आणि ट्रॅशची मुदत १२ जुलैला संपली. नुकसान होणे आणि ते लक्षात येणे यांत अडीच महिन्यांचे अंतर आहे, तर ट्रॅशची मुदत एका महिन्याची. ज्या फायली रोज उघडल्या जातात त्यांना ही मुदत पुरते. ज्या वर्षातून एकदा उघडल्या जातात, त्यांना ती कधीच पुरत नाही, आणि माझ्या मते बॅकअपची खरी गरज अशाच फायलींना असते.

बॅकअप म्हणजे मूळ फाइलशी सारखेपणा न राखणारी प्रत. ती एका विशिष्ट दिवशी घेतलेली असते, तिच्यावर ती तारीख असते आणि मूळ जागी नंतर काहीही झाले तरी ती बदलत नाही. या कसोटीवर बाहेरची हार्ड डिस्कसुद्धा आपोआप उत्तीर्ण होत नाही. दर रविवारी विंडोजमधली robocopy ही आज्ञा /MIR या पर्यायासह चालवली, तर मूळ जागी नसलेल्या फायली ती बाहेरच्या डिस्कवरूनही काढून टाकते. लिनक्स किंवा मॅकवरच्या rsync या आज्ञेसोबत --delete जोडले, तरी हेच होते. ते एका आठवड्याच्या विलंबाने केलेले सिंकच असते. याउलट मॅकवरचे टाइम मशीन किंवा restic यांसारखे प्रोग्रॅम प्रत्येक वेळी त्या क्षणाची स्वतंत्र आवृत्ती ठेवतात, आणि न बदललेला मजकूर पुन्हा साठवत नाहीत, त्यामुळे वर्षभराच्या आवृत्त्यांनाही वर्षभराच्या पूर्ण प्रतींइतकी जागा लागत नाही. मात्र टाइम मशीन जागा संपत आली की सर्वांत जुन्या आवृत्त्या काढते, तेव्हा डिस्क किती मागपर्यंत पुरते आहे, हे अधूनमधून पाहावे लागते. बॅकअपची डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवली, तर रॅन्समवेअर तिच्यापर्यंतही पोहोचते. काम झाले की ती काढून कपाटात ठेवणे हा त्यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

सिंक फोल्डरचा बॅकअप घेताना आणखी एक खाचखळगा आहे. जागा वाचवण्यासाठी वनड्राइव्हसारख्या सेवा लॅपटॉपवर फाइलचे केवळ नाव ठेवतात आणि मजकूर सर्व्हरवरच राहू देतात. फोल्डर उघडल्यावर सगळ्या फायली दिसतात, पण विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये Size on disk समोर 0 bytes लिहिलेले असते. काही बॅकअप प्रोग्रॅम अशा फायली वगळून पुढे जातात आणि काम यशस्वी झाल्याचा संदेश देतात. म्हणून बॅकअप घेण्यापूर्वी ते फोल्डर कायम या संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडावा लागतो.

खजिनदारांनी दर वर्षी हिशेब मंजूर झाल्यावर त्या वर्षाचे फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवले, त्यातली एक जुनी फाइल दुसऱ्याच संगणकावर प्रत्यक्ष उघडून तिची शेवटची शिल्लक छापील ताळेबंदाशी जुळवली आणि ती डिस्क संस्थेच्या कपाटात ठेवली, तर या कामाला जेमतेम अर्धा तास लागतो. मग १२ जूनला अध्यक्षांनी फोल्डर काढले आणि ऑगस्टमध्ये सभासदाने सिंकिंग फंडाबद्दल विचारले, तरी ते फोल्डर कपाटातल्या डिस्कवर असते, कारण त्या डिस्कला जूनमध्ये काय झाले हे कुणी कळवलेलेच नसते.