पत्ता चुकलाय की बदललाय? बँकेला लिहायची दोन वेगळी पत्रं

बँकेच्या नोंदीत एक पत्ता आणि आधार कार्डावर दुसरा, असं झालं की बहुतेक लोक काउंटरवरचा 'पत्ता बदल' हा अर्ज भरून मोकळे होतात. पण घर बदललंच नसेल, तर बदल मागायचाच कशाला? बँकेनं नोंदवताना चूक केली असेल तर ती पत्ता दुरुस्ती. तुम्ही खरोखर नव्या जागी राहायला गेला असाल तर तो पत्ता बदल. काही शाखांत दोन्हींसाठी छापील फॉर्म एकच असतो, म्हणूनच सोबतच्या पत्रात यातलं नेमकं काय घडलंय ते स्पष्ट लिहावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. खातेदार पहिल्यापासून कोथरूडला डी विंगमध्ये राहतो, आधारवरही तेच आहे. बँकेत मात्र 'बी विंग' आणि पिन ४११०३८ ऐवजी ४११०८३ पडलंय. बी-डी ऐकण्यातला घोळ, आकडे टाइप करण्यातला. याचा पत्ता लागतो तो नवं डेबिट कार्ड किंवा चेकबुक घरी न पोचता परत गेल्यावर. इथे पत्र असं लिहावं:

मा. शाखा व्यवस्थापक,
विषय: नोंदीतील पत्त्याची दुरुस्ती (पत्ता बदल नव्हे)
महोदय,
माझे आपल्या शाखेत बचत खाते आहे. खाते क्रमांक ……, ग्राहक क्रमांक ……
नोंदीतील पत्ता: सदनिका १२, बी विंग, ……, कोथरूड, पुणे ४११०८३.
आधारप्रमाणे योग्य पत्ता: सदनिका १२, डी विंग, ……, कोथरूड, पुणे ४११०३८.
खाते उघडल्यापासून मी याच पत्त्यावर राहतो. विंग आणि पिन कोड एवढ्याच दोन गोष्टी नोंदीत चुकल्या आहेत. आधारची स्वसाक्षांकित प्रत आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. कृपया दुरुस्ती करून लेखी कळवावे.
आपला विश्वासू,

दोन्ही पत्ते एकाखाली एक लिहिल्यानं टेबलावरच्या माणसाला फरक शोधत बसावं लागत नाही. ग्राहक क्रमांकही विसरू नका. बहुतेक बँकांत पत्ता खात्याला नव्हे तर या क्रमांकाला जोडलेला असतो, त्यामुळे तिथे दुरुस्ती झाली की मुदत ठेवींच्या कागदांवरही ती उतरते. खातं संयुक्त असेल तर दुसऱ्या खातेदाराचा ग्राहक क्रमांक वेगळा असतो. त्याचा पत्ताही चुकला असेल तर त्याची सही असलेलं वेगळं पत्र द्यावं.

पत्ता बदलाच्या पत्रात 'चूक' हा शब्द येतच नाही. जुना पत्ता, नवा पत्ता, कधीपासून राहतो ती तारीख आणि नव्या जागेचा पुरावा, एवढं त्यात असतं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र वगैरे ग्राह्य आहेत. पॅन कार्डावर पत्ताच नसतो, तरी लोक ते पत्त्याचा पुरावा म्हणून जोडतात! या कागदांवर अजून नवा पत्ता चढला नसेल तर दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल किंवा पाइप गॅसचं बिल तात्पुरतं चालतं, पण मग तीन महिन्यांत आधार, पासपोर्ट अशा ग्राह्य कागदांपैकी नव्या पत्त्याचा एक आणून द्यावा लागतो. आधार दिलेलं असेल आणि सध्या राहता तो पत्ता त्यापेक्षा वेगळा असेल, तर तसं स्वघोषणापत्र देता येतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हीच वाट सोयीची.

दोन्हींच्या मध्ये फसवणारं एक प्रकरण आहे. दोन कागद जुळत नाहीत म्हणजे बँकच चुकली असं नाही. आधारवर मजला किंवा सोसायटीचं नाव चुकलं असेल, तर बँकेला लिहून उपयोग नाही. तिनं ती नोंद आधारसारखी केली तर तीच चूक बँकेतही शिरेल. आधी आधार दुरुस्त करून घ्यावं. जिल्ह्याच्या नावाचा फरक वेगळा. आधारवर अहमदनगर आणि बँकेत अहिल्यानगर, किंवा औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर असेल, तर जागा तीच आहे, फक्त नाव बदललंय. पिन कोड आणि गाव जुळत असतील तर 'जिल्ह्याचे नाव शासनाने बदलले आहे' एवढं एक वाक्य पत्रात टाकावं. माझ्या मते इथे दुरुस्ती मागण्यापेक्षा हा खुलासाच पुरेसा आहे.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. तोंडी 'होऊन जाईल' यावर निघून येऊ नका. आधारच्या प्रतीवर सही करताना 'फक्त पत्ता दुरुस्तीसाठी' असं लिहिलेलं बरं. काही दिवसांनी खात्याचं नवं स्टेटमेंट काढून त्यावरचा पत्ता वाचा, पिनचे सहाही आकडे बघा. बँकेकडे लेखी तक्रार करूनही तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते, आणि तिथे तो शिक्का असलेली प्रत जोडता येते.