ॲक्टिव्हिटी लॉग : जुने लाइक, कमेंट आणि टॅग एकगठ्ठा काढणे

ॲक्टिव्हिटी लॉग ही फेसबुक खात्यातली खासगी नोंदवही. खातेदाराने काय लाइक केले, कुठे कमेंट लिहिली आणि कोणी त्याला कशात टॅग केले, हे सारे तिथे तारखेनुसार दिसते. ती फक्त खातेदारालाच दिसते. जुन्या पोस्ट गठ्ठ्याने हलवण्याची सोय फेसबुकने २०२० साली दिली. आता लाइक, कमेंट आणि टॅगही अनेक खुणा करून एकदम काढता येतात. मात्र या तिन्हींचा परिणाम सारखा नसतो, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो.

ठाण्याचे एक उदाहरण घेऊ. नौपाड्यातील एका शिक्षिकेने कॉलेजात असताना, २०१० साली, खाते उघडले. त्या काळात मित्रांच्या भिंतीवर वाट्टेल ते लिहिले, दिसेल ते लाइक केले. दर दिवाळीला राम मारुती रोडवरच्या गर्दीतले फोटो कोणी ना कोणी टाकायचे आणि सगळ्या टोळक्याला टॅग करायचे. शिवाय शुभेच्छांच्या कंदिलाच्या चित्रावर ओळखीतल्या पन्नास जणांची नावे चिकटवण्याची पद्धत होतीच. एका फोटोवर पन्नासच टॅग बसतात. आता विद्यार्थ्यांचे पालक नाव शोधून प्रोफाइल बघतात, म्हणून तिला २०१० ते २०१४ हा काळ साफ करायचा आहे.

पहिले काम म्हणजे खात्यातील माहितीची प्रत उतरवून घेणे. कारण पोस्ट काढली तर ती तीस दिवस कचरापेटीत राहते आणि परत आणता येते, पण काढलेली कमेंट किंवा लाइक तिथे जात नाही. ते थेट जाते. शिवाय कमेंटखाली इतरांनी दिलेली उत्तरेही तिच्याबरोबर नाहीशी होतात. आता हयात नसलेल्या एखाद्या मावशीने त्या धाग्यात आशीर्वादाचे दोन शब्द लिहिले असतील, तर तेही गेले. म्हणून कमेंटचा गठ्ठा डोळे झाकून काढू नये. निदान घरच्यांच्या फोटोंखालच्या कमेंट वेगळ्या वाचाव्यात.

प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांतून Activity log उघडते. तिथे प्रकार निवडायचा, मग तारखेची चाळणी लावून एकच वर्ष घ्यायचे. शिक्षिकेने २०१० पासून सुरुवात करून एकेक वर्ष पुढे जावे हे बरे, कारण ‘सर्व’वर खूण केली तरी सहसा पडद्यावर तोवर उतरलेल्या नोंदीच निवडल्या जातात. यादी खाली सरकवली की आणखी नोंदी येतात. दहा वर्षांचा ढीग एका खुणेत जात नाही तो यामुळे. घाईने एकामागून एक गठ्ठे काढत गेल्यास फेसबुक ती क्रिया काही काळ अडवू शकते. तेव्हा थांबून दुसऱ्या दिवशी पुढे चालू करावे. गठ्ठा खरेच गेला का हे पाहायला पान नव्याने उघडून तीच चाळणी पुन्हा लावावी. काढलेली नोंद पुन्हा दिसली तर काम अर्धवट झाले आहे. काही नोंदी हट्टाने राहतात: मूळ पोस्ट टाकणाऱ्याने ती लपवली असेल किंवा आपण तो ग्रुप सोडला असेल, तर कमेंटपर्यंत पोहोचताच येत नाही.

टॅगचे गणित वेगळे आहे. तो काढल्याने फोटो पुसला जात नाही. राम मारुती रोडवरचा तो फोटो टाकणाऱ्या मित्राच्या प्रोफाइलवर तसाच राहतो, त्याच्या मित्रयादीला दिसतो; तुटतो तो फक्त शिक्षिकेच्या नावाशी असलेला दुवा. तरी याचा उपयोग मोठा आहे. टॅगमुळे तो फोटो तिच्या मित्रांपर्यंतही पोहोचू शकत होता, ती वाट बंद होते. ‘प्रोफाइलवरून लपवा’ हा पर्याय मात्र यापेक्षा कमकुवत आहे: त्यात टॅग शाबूत राहतो आणि फोटो इतरत्र दिसत राहतो. फोटोच नको असेल, तर मित्राला फोन करून काढायला सांगणे हाच सरळ मार्ग.

काढलेला मजकूर पडद्यावरून लगेच जातो, कंपनीच्या साठ्यातून पूर्ण पुसला जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. कोणी आधीच घेतलेला स्क्रीनशॉट अर्थातच या कक्षेबाहेर. पुढच्या दिवाळीच्या टॅगसाठी सेटिंगमध्ये टॅगची तपासणी चालू ठेवता येते. मग कोणी टॅग केलेली पोस्ट आपल्या मंजुरीशिवाय आपल्या प्रोफाइलवर चढत नाही.