मूळव्याध, बर्फ आणि कोमट पाणी

"मूळव्याध म्हणजे अंगातली उष्णता. मग गरम पाण्यात बसल्यावर ती वाढणार नाही का?"

नाही वाढत. सूज आणि ठणका हा गुदद्वाराच्या फुगलेल्या शिरांचा मामला आहे, अंगातल्या उष्णतेचा नाही.

समजा, हडपसरहून हिंजवडीला रोज बाइकने जाणाऱ्या कुणाला काल रात्री अचानक दुखरा, टणक कोंब आला. पहिले एक-दोन दिवस बर्फ बरा: सुती फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. थेट लावला तर कातडी भाजल्यासारखी होते. शौचानंतर मात्र टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसावं. वेदनेने आवळलेला स्नायू त्याने सैल पडतो. मनगटावर चटका बसत नाही, इतपतच ऊन पाणी. मीठ-डेटॉलची गरज नाही. डेटॉलने तर आग होते.

लिग्नोकेनचं मलम थोडा वेळ बधिर करतं, कोंब जिरवत नाही. पाच-सात दिवसांवर लावू नये. लावल्यावर खाज वाढली तर मलमाचीच ॲलर्जी असू शकते. कोंब निळसर, असह्य दुखणारा असेल, तर तीन दिवसांच्या आत सर्जनला दाखवावं, कारण गाठ काढण्याचा फायदा तेव्हाच जास्त. रक्त पडत असेल तर तपासणी करावीच.